तीन शिट्ट्यांत डाळ शिजते, मग अख्खा मसूर का नाही?

प्रश्न: कुकरच्या तीन शिट्ट्यांत तुरीचं वरण छान होतं, पण तेवढ्याच शिट्ट्यांत अख्खा मसूर कधी कच्चट राहतो, उडीद तर शिजतच नाहीत. डाळ आणि अख्खं कडधान्य यांत एवढा फरक का पडतो?

हा फरक मुख्यतः सालीमुळे पडतो. पाणी आत शिरण्याची वाट ती अडवते आणि दाणा शिजल्यावर त्याला फुटूही देत नाही. त्यामुळे सालीसकट दाण्याला वेळ जास्त लागतो आणि शिजूनही तो दाण्यासारखाच दिसतो. साल काढून दाणा दुभंगला की दोन्ही गोष्टी संपतात. डाळीच्या सपाट बाजूने पाणी सरळ आत जाते, पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळतो आणि डाळीचा गाळ होतो.

हे पाहायला मसुरीसारखे कडधान्य नाही, कारण तो दाणा मुळातच लहान आणि पातळ असतो. मी एकदा एकेक वाटी मसूर डाळ आणि अख्खा मसूर, दोन्ही न भिजवता, शेजारशेजारच्या दोन पातेल्यांत आधणात टाकले होते. केशरी डाळ पंधरा-सोळा मिनिटांत पिवळी पडून पळीला लागेल इतकी विरघळली. त्याच वेळी अख्ख्या मसुराचा एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांत दाबला, तेव्हा तो चेपला खरा, पण मधोमध खडूसारखी पांढरी कणी स्पष्ट दिसत होती. ती कणी जायला आणखी पंधरा-अठरा मिनिटे लागली, आणि तेव्हाही दाणा अखंड, बोटचेपा आणि आतून मऊ होता. आमटी एकजीव हवी असेल तर डाळ घ्यावी, आणि कोल्हापूर-सांगलीकडे भाकरीशी खातात तसा दाणेदार अख्खा मसूर हवा असेल तर डाळीने ते काम कधीच होणार नाही. दोन तास भिजवलेला अख्खा मसूर मध्यम आचेवर कुकरच्या दोन-तीन शिट्ट्यांत होतो. त्याहून जास्त झाल्या तर साली सुटून पाण्यावर तरंगू लागतात, आणि दाणा मोडला हे त्यावरूनच ओळखावे.

तुरीची डाळ सोललेली असूनही मसूर डाळीपेक्षा जास्त वेळ घेते, कारण तिचे दल जाड असते. ती अर्धा तास गरम पाण्यात भिजवून हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून लावली, तर तीन शिट्ट्या आणि त्यानंतर सात-आठ मिनिटे मंद आच पुरते, आणि नंतर रवीने घोटली की कण उरत नाही. वाळलेली अख्खी तूर मात्र रात्रभर भिजवावीच लागते. तिची साल जाड आणि दाण्याला घट्ट चिकटलेली असते. गिरणीतसुद्धा ती सुटावी म्हणून तुरीला तेलपाणी लावून वाळवतात. म्हणून अख्ख्या तुरीच्या घुगऱ्या चांगल्या होतात, वरण होत नाही.

उडदाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात बुळबुळीतपणा आणणारा चिकट अंश असतो. पांढरी डाळ तासभर भिजवली की उघड्या पातेल्यात साधारण वीस मिनिटांत शिजते, पण जास्त ढवळली तर आमटीला तार सुटते. घुट्यासाठी डाळ आधी कोरडी, खमंग भाजून घेतात, त्याने ही तार कमी होते. अख्खे काळे उडीद आठ-दहा तास भिजवावेत, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे ठेवावेत आणि मग झाकण काढून आणखी उकळावेत. एवढ्या वेळात साल तडकते, आतला गर हळूहळू रसात उतरतो, आणि तोच चिकट अंश इथे रस्सा सायीसारखा दाट करतो. एक दाणा जिभेने टाळूवर दाबावा. दातांची गरज न पडता चेपला तर उडीद झाले.

एवढे करूनही दाणे कच्चट राहत असतील तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे आंबट पदार्थ. मी एका रविवारी अख्ख्या मसुरात सुरुवातीलाच टोमॅटो आणि चिंच घातली, आणि पाऊण तास उकळूनही कणी गेली नाही. आंबटपणामुळे पेशींना जोडणारा तो चिकट पदार्थ विरघळत नाही, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळे दाणा पूर्ण शिजल्यावरच घालावे. दुसरी गोष्ट म्हणजे धान्याचे वय. उष्ण, दमट जागी वर्षभर पडून राहिलेले कडधान्य नीट भिजले तरी लवकर मऊ होत नाही, आणि त्याला शिट्ट्या वाढवून फार फरक पडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पाणी. बोअरचे पाणी जड असेल तरी असाच त्रास होतो. तेव्हा भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी पिण्याचे गोडे पाणी वापरून पाहावे.