मंगळवारी न छापणारा प्रिंटर आणि बगचा सारांश

"मॅडम, मी नाशिकची. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंगची इंटर्नशिप करते. सरांनी साठ-सत्तर कमेंट्सचा एक जुना बग दिला आणि लक्षणं, बग पुन्हा घडवायच्या पायऱ्या, संशयित कारण, दुरुस्तीची स्थिती असा एका पानात सारांश करायला सांगितला. कोण काय म्हणालं ते मी क्रमाने लिहिलं, तीन पानं झाली. 'हा सारांश नाही' म्हणून सरांनी परत दिलं. माझं काय चुकलं? आणि नोकरीत हे काम खरंच लागतं का?"

तू कमेंट्सच्या क्रमाने लिहिलंस, तिथे चुकलं. थ्रेडमध्ये लोकांना जसजसं सुचलं तसतसं ते लिहीत गेलेले असतात. पहिल्या वीस कमेंट्समधले निम्मे तर्क पुढे खोटे ठरतात, आणि जिच्यावर सगळं फिरतं ती ओळ कुठेतरी मध्येच, कुणीतरी सहज लिहून गेलेलं असतं. एक खरा बग घेऊन सांगते.

२००८ साली उबुंटू या लिनक्स प्रणालीचे बग जिथे नोंदवतात त्या लाँचपॅड साइटवर एक तक्रार आली, क्रमांक २५५१६१. ओपनऑफिसमधून ब्रदरच्या प्रिंटरवर छापायला दिलं की काहीच छापून येत नाही. संशय साहजिकच ओपनऑफिसवर आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरवर गेला. मग एकाने लिहिलं की बायको म्हणते, ओपनऑफिस मंगळवारी कधीच छापत नाही. वाचताना हे गमतीचं वाटतं आणि घाईत असलेला माणूस पुढे सरकतो. पण त्या बाईंचं निरीक्षण शब्दशः खरं निघालं.

म्हणून लक्षणांत काय लिहायचं? "प्रिंट होत नाही" एवढंच लिहिलंस तर काहीच हाती लागत नाही. "ओपनऑफिसमधून दिलेलं छापलं जात नाही, फक्त मंगळवारी, इतर दिवशी छापलं जातं" असं लिहिलंस की शोधाची जागा एकदम लहान होते. कधी होतं याच्या जोडीला कधी होत नाही हे लिहायचंच. आणि लक्षणांच्या ओळीत कारण शिरू द्यायचं नाही. "ड्रायव्हर बिघडल्यामुळे छापत नाही" हे लक्षण नव्हे. कुणाचा तरी अंदाज आहे, आणि इथे तर तो चुकीचा होता.

आता कारण बघू, म्हणजे पायऱ्या समजतील. लिनक्समध्ये `file` नावाची छोटी कमांड असते. फाइलच्या आतली अक्षरं बघून ती फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ती सांगते. ओपनऑफिस प्रिंटरकडे पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं ते सांगणारी फाइल पाठवत होतं आणि तिच्या सुरुवातीच्या ओळींत तयार केल्याचा वार-दिनांक असायचा, `%%CreationDate: (Tue` असा. छपाईच्या साखळीत ही फाइल `file`कडून ओळखून घेतली जाई. `file`च्या नियमांत अर्लँग भाषेच्या एका जुन्या फाइलप्रकारासाठी एक ओळ होती. वरची चुकीची आणि खालची दुरुस्त, अशी दोन्ही देते:

```
79 string Tue Jan 22 14:32:44 MET 1991 Erlang JAM file - version 4.2
79 string Tue\ Jan\ 22\ 14:32:44\ MET\ 1991 Erlang JAM file - version 4.2
```

या नियमांत साधी मोकळी जागा आली की शोधायचा मजकूर तिथेच संपतो. त्यामुळे वरची ओळ पूर्ण तारीख न शोधता सुरुवातीपासून ७९ बाइट सोडून फक्त `Tue` आहे का, एवढंच बघत होती. मंगळवारी तिथे `Tue` सापडायचं, पोस्टस्क्रिप्ट फाइल अर्लँगची ठरायची आणि काहीच छापलं जात नसे. तारखेतल्या मोकळ्या जागांआधी `\` ही तिरकी रेघ देणं, एवढीच दुरुस्ती.

यावरून पायऱ्या लिहायला बसलीस तर पहिला मोह होईल, "मंगळवारी ओपनऑफिसमधून प्रिंट द्या". खरं आहे, पण तपासणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत थांबावं लागेल, शिवाय तोच प्रिंटर लागेल. चांगली पायरी अशी: ओपनऑफिसमधून प्रिंटचं आउटपुट पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये साठवा, एडिटरमध्ये वाराच्या जागी `Wed` ठेवून `file` चालवा, मग `Tue` करून पुन्हा चालवा. दोन्ही शब्द तीनच अक्षरांचे, त्यामुळे बाकी काही जागचं हलत नाही. पहिल्यांदा उत्तर पोस्टस्क्रिप्ट येतं, दुसऱ्यांदा Erlang JAM. काय यायला हवं होतं आणि काय आलं, दोन्ही लिही. उबुंटूची आवृत्ती आणि `file` पॅकेजची आवृत्तीही लिही, कारण दुरुस्त पॅकेज असलेल्या मशीनवर हा बग दिसणारच नाही आणि समोरचा "माझ्याकडे चालतंय" म्हणून मोकळा होईल.

संशयित कारण लिहिताना प्रत्येक तर्कापुढे पुरावा काय, ते लिहायचं. "ड्रायव्हर काढून परत टाकला, चालू झालं" अशी कमेंट जवळपास प्रत्येक थ्रेडमध्ये असते. तिच्यावर विसंबण्याआधी तारीख बघ. मंगळवारी बिघडलं, बुधवारी ड्रायव्हर टाकला आणि छापलं गेलं, तर ड्रायव्हरने काहीच सिद्ध केलं नाही. असे तर्क एका ओळीत "तपासले, टिकले नाहीत" म्हणून नोंदव, पूर्ण गाळू नकोस. नाहीतर पुढचा माणूस तेच पुन्हा करत बसतो. थ्रेडमध्ये कारण सिद्ध झालेलं नसेल तर "संशय" हाच शब्द ठेव. सारांश लिहिणाऱ्याने संशयाला निदान करून टाकलं की पुढचे सगळे त्याच्यामागे जातात.

दुरुस्तीची स्थिती ही सगळ्यांत छोटी ओळ, आणि सगळ्यांत जास्त घोटाळे हिच्यातच होतात. लाँचपॅडवर Fix Committed आणि Fix Released अशा दोन वेगळ्या पाट्या आहेत. पहिलीचा अर्थ दुरुस्ती कोडमध्ये गेली, दुसरीचा अर्थ ती लोकांना मिळणाऱ्या पॅकेजमध्ये आली. मधे काही आठवडेही जाऊ शकतात. मी सपोर्टमध्ये असताना एकदा कोडमध्ये गेलेल्या दुरुस्तीला सारांशात "झालं" लिहिलं. आमच्या लोकांनी ग्राहकांना अपडेट करायला सांगितलं, अपडेटमध्ये ती दुरुस्ती नव्हतीच, आणि दोन दिवस फोन वाजत राहिले. तेव्हापासून मी "कोडमध्ये आहे, अमुक आवृत्तीत येणार" किंवा "अमुक आवृत्तीत आली, तक्रारदाराने तपासून सांगितलं" असंच लिहिते. एकच तक्रार अनेक पॅकेजांवर नोंदलेली असेल तर प्रत्येकाची स्थिती वेगळी असते, तीही बघ. इथे ओपनऑफिसमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, दुरुस्ती `file`मध्ये होती.

नोकरीत लागतं का, विचारलंस. टेक्निकल सपोर्टच्या दुसऱ्या फळीत आणि टेस्टिंगमध्ये हे रोजचं काम आहे. ग्राहकाची तक्रार डेव्हलपरकडे जाताना मधला माणूस हेच पान लिहितो, आणि ते नीट नसेल तर "माहिती अपुरी" म्हणून बग परत येतो. मुलाखतीतही कधी कधी एखादा थ्रेड हातात देऊन अर्ध्या तासात लिहायला सांगतात.

सराव असा कर. लाँचपॅडवर किंवा मोझिलाच्या बगझिलावर एक बंद झालेला बग उघड, दुरुस्ती सापडण्याआधीच्या कमेंटपाशी थांब आणि तिथपर्यंतचं पान लिही. मग उरलेला थ्रेड वाच. खरं कारण तुझ्या "संशयित"मध्ये होतं का, आणि ज्या लक्षणाने ते सापडलं ते तू लिहिलं होतंस की वगळलं होतंस, एवढं ताडून बघ. सरांनी परत दिलेल्या थ्रेडपासूनच सुरुवात कर. तीन पानं पुन्हा काढ आणि "कधी होत नाही" हे सांगणाऱ्या ओळींखाली आधी रेघ मार.