वीसपर्यंत म्हणतात, पण पाच चिंचोके देता येत नाहीत

प्रश्न: अंगणवाडीतली मुलं १ ते २० घडाघडा म्हणतात, पण "पाच चिंचोके दे" म्हटलं की मूठभर देतात. काय खेळ घेऊ?

ताई, त्यांना अंकांचं गाणं येतं, मोजणं अजून यायचंय. काही दिवस वीस विसरा, तीनवर या.

जमिनीवर पिंपळाची तीन पानं मांडा आणि प्रत्येक पानावर एकच खडा ठेवायला सांगा. ठेवताना मूल आकडा म्हणेल. बोट पुढे आणि तोंड मागे राहिलं, तर खडा उचलून करवंटीत टाकायला लावा, म्हणजे एका आवाजाला एकच आकडा बसतो. मग लगेच विचारा, "किती झाले?" मूल पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच सगळे, हे त्याला अजून उमगलेलं नाही. अशा वेळी तुम्हीच मोजा आणि हात गोल फिरवून म्हणा, "एक, दोन, तीन. सगळे मिळून तीन."

तीन न चुकता द्यायला लागलं की चार, मग पाच. तेच खडे लांब पसरून "आता किती?" विचारा. तीन-चार वर्षांची बरीच मुलं "जास्त" म्हणतात. रागावू नका, परत मोजू द्या.

पाच वर्षांच्यांना लपवाछपवी आवडते: पाचपैकी दोन खडे करवंटीखाली, आत किती?

तीन वर्षांच्यांना चिंचोके देऊ नका, नाकात घालतात. मोठे खडे द्या. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी, त्या कोणालाच नकोत.