छायाकृतीवरून पात्र ओळखताना आधी चित्र ताणलेले आहे का ते तपासा

«कार्टूनच्या काळ्या छायाकृती किंवा कापलेले तुकडे पाहून पात्र ओळखायचे असते. बाह्यरेषा नीट पाहतो, तरी सडपातळ पात्राला मी ठेंगणे-लठ्ठ समजून बसतो. नेमके काय मोजायचे?»

गोल म्हणजे प्रेमळ, चौकोनी म्हणजे ठाम, टोकदार म्हणजे धोकादायक हे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही. सडपातळ पात्र लठ्ठ दिसते या तुमच्या वर्णनावरून मला दोष तुमच्या नजरेत नसून चित्रातच असावा असे वाटते, कारण याच कारणाने एका स्पर्धेची अंतिम फेरी माझ्या हातून गेली. आयोजकांनी उभी चित्रे आडव्या चौकटीत बसवण्यासाठी रुंदीच्या दिशेने ताणली होती. मी लेखी हरकत घेतली, तेव्हा «चित्र सर्वांना सारखेच दिले होते» एवढेच उत्तर मिळाले. प्रमाणावरून ओळखण्याची स्पर्धा ठेवायची आणि प्रमाणच बिघडवून द्यायचे, हा स्पर्धकांवर अन्याय आहे, असे माझे आजही ठाम मत आहे.

त्या फेरीत बदकाची छायाकृती होती. उत्तर डॅफी डक होते, पण रुंदावलेले धड पाहून बहुतेकांनी डोनाल्ड डक लिहिले. डॅफीच्या मानेवरचा पांढरा पट्टा छायाकृतीत नाहीसा होतो, त्यामुळे रंगाचा आधार उरत नाही. अशा वेळी रुंदी आणि उंची यांची एकमेकांशी तुलना करू नये, कारण ताणल्यावर नेमके तेच गुणोत्तर बिघडते. एकाच दिशेतली दोन मापे मात्र सुरक्षित राहतात. डोक्याची उभी उंची घ्या आणि ती टाळूपासून पावलांपर्यंत किती वेळा बसते ते मोजा. चित्र आडवे कितीही ताणले तरी हा आकडा बदलत नाही. डोनाल्डमध्ये तो साधारण तीनच्या आसपास येतो. त्याचे डोके मोठे, मान जवळजवळ नाहीच आणि पाय आखूड असतात. डॅफीचे डोके उंचीच्या मानाने लहान असते आणि लांब मान व काटकुळे पाय यांमुळे आकडा स्पष्टपणे वाढतो. मोजताना डोनाल्डची खलाशी टोपी डोक्यात धरू नका, नाहीतर आकडा उगाच घटेल. शिवाय हे उभ्या पात्रापुरतेच खरे आहे. पात्र वाकलेले किंवा धावत असेल, तर ही मोजणी विश्वासार्ह नाही. 1937 मधला सुरुवातीचा डॅफी नंतरच्यापेक्षा ठेंगणा होता, तोही येथे अपवाद समजावा.

चित्र ताणले आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यात मुळात वर्तुळच असणारा एखादा भाग शोधावा. मिकी माउसचे कान यासाठी उत्तम, कारण त्याचे डोके कुठेही वळले तरी रेखाटनात कान वर्तुळाकारच ठेवण्याची पद्धत आहे. दोन्ही कान सारख्याच प्रमाणात आडवे लंबगोल दिसले, तर चित्र ताणलेले आहे असे मी खुशाल धरतो. 1941 च्या काही लघुपटांत मात्र त्याचे कान डोक्याबरोबर वळताना दिसतात, त्यामुळे एकच कान चपटा असेल तर घाई करू नये.

कापलेल्या तुकड्यात पूर्ण उंचीच नसते, म्हणून डोकी मोजता येत नाहीत. तिथे टोकांची दिशा पाहावी, असे माझे मत आहे. समजा, तुकड्यात पिवळ्या डोक्याचा वरचा भाग आणि तीन-चार टोके एवढेच आहे. प्रत्येक टोकाच्या मधोमध एक रेषा काढून ती खाली वाढवा. रेषा जवळजवळ समांतर उतरत असतील, तर तो बार्ट सिम्पसन. त्याचे डोके उभ्या नळकांड्यासारखे असून टोके त्याच्या वरच्या कडेवर बसलेली असतात. रेषा डोक्याच्या आत एका बिंदूकडे जात असतील, तर ती लिसा, कारण तिची टोके चांदणीसारखी चहूकडे फाकतात. पण मॅगीची टोकेही तशीच फाकतात, आणि तुकड्यात मापाला आधार नसल्यामुळे डोके लहान की मोठे हे कळत नाही. तिच्या डोक्यावरचा फितीचा बो दिसला तर प्रश्न सुटतो. तो नसेल, तर या दोघींत केवळ आकारावरून निवड करता येत नाही आणि तेथे खात्रीने उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

हातमोज्यावरूनही पात्र ठरवू नका. तीन बोटे व अंगठा असलेला पांढरा हातमोजा कितीतरी पात्रांना असतो. मिकीच्या मोज्याच्या पाठीवर तीन काळ्या रेघा असतात, पण पूर्ण काळ्या छायाकृतीत त्या दिसतच नाहीत. म्हणून ही खूण रंगीत तुकड्यातच उपयोगी पडते.