बॅटरीनं ऐकलं नाही

«मित्राला उत्तर टाइप करत होतो आणि मध्येच फोन बंद पडला. नंतर ते उत्तर राहूनच गेलं, आता बरेच महिने झालेत. त्यावर मी एक कविता लिहिली आहे. मनातलं सगळं तिच्यात आलंय. ती त्याला पाठवू का, की आता फार उशीर झाला?»

उशीर झाला म्हणून थांबू नका. पण कविता आधी पाठवू नका. आधी त्यानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर पाठवा, साध्या वाक्यांत. असं का म्हणते ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांच्या गोष्टीवरून सांगते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते आले तेच कवितेची घडी खिशात घेऊन. जुन्या मित्राचे वडील गेले होते आणि हे भेटायला गेले नव्हते. दोनेक महिन्यांनी मित्राचा रात्री उशिरा मेसेज आला. हे उत्तर लिहायला बसले, फोन आधीच चार टक्क्यांवर होता, आणि लिहिता लिहिता बंद पडला. त्यानंतर सात महिने दोघांत एक शब्द नाही. कविता अशी होती:

एक टक्क्यावर होतो आपण,
तू विचारलंस, मी लिहीत होतो.
बॅटरीनं ऐकलं नाही.
काच काळी झाली
आणि तिच्यात माझाच चेहरा दिसला.
तुझ्याकडे तीन टिंबं नाचत असतील,
मग तीही विझली असतील.
चार्जरनं फोन जागा केला
पण वाक्यानं उठायला नकार दिला.
रात्रीनं उत्तर गिळलं.
तू अजून तिथंच उभा आहेस का
प्रश्न हातात धरून?

कविता वाईट नाही. काळ्या काचेत स्वतःचा चेहरा दिसणं हे ज्याला दिसलं त्यालाच लिहिता येतं. पण समुपदेशनात आम्ही कविता वाचतो ती गुण देण्यासाठी नाही. मी त्यांना ती मोठ्यानं वाचायला सांगितली. मग पेन्सिल दिली आणि म्हटलं, प्रत्येक ओळीत काम कोण करतंय त्याखाली रेघ मारा. बॅटरी, काच, टिंबं, चार्जर, वाक्य, रात्र. «मी» एकदाच आला, आणि तोही भल्या कामात गुंतलेला: मी लिहीत होतो.

ते जरा हसले. मग मी विचारलं, «मित्रानं विचारलं काय होतं?»

ते कवितेकडे बघत राहिले. बारा ओळींत प्रश्न कुठेच नव्हता. «तू विचारलंस» एवढंच. शेवटी मित्राच्या हातात प्रश्न आहे, पण कसला ते तिसऱ्या माणसाला कळणार नाही. प्रश्न असा होता: «बाबा गेले तेव्हा तू आला का नाहीस?»

आता हीच कविता मित्राच्या जागी बसून वाचा. वडील त्याचे गेलेत. त्यानं एक सरळ गोष्ट विचारलीय. त्याला उत्तरादाखल मिळतंय ते तुमच्या फोनचं दुःख. शिवाय कविता आली की तिला दाद द्यावी लागते, निदान «छान आहे» तरी म्हणावं लागतं. म्हणजे ज्याला उत्तर हवं होतं त्याच्याच गळ्यात आणखी एक काम पडलं.

त्याच्या बाजूनं त्या रात्री काय दिसलं हेही पाहायला हवं. बराच वेळ «टायपिंग» दिसत होतं, मग ते गेलं. फोन बंद पडला, की माणसानं फोन उशाशी ठेवून दिवा मालवला, हे पलीकडून सारखंच दिसतं. तोपर्यंत दोष खरंच कुणाचा नव्हता. आपण फोन चार्ज का केला नाही म्हणून हे गृहस्थ स्वतःला बोल लावत होते, तेही मी थांबवलं. स्क्रीनवरचे टक्के हा अंदाज असतो, बॅटरी जुनी झाली की ताण येताच व्होल्टेज घसरतं आणि आकडा शून्यावर यायच्या आतच फोन स्वतःला बंद करून घेतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑनलाइन होते आणि मित्राला ते दिसत होतं. बॅटरीच्या खात्यावर फार तर एक रात्र टाकता येते.

उरलेल्या सात महिन्यांचं काय? इथे एक गोष्ट नेहमी आढळते. चॅट उघडायचं, पोटात गोळा यायचा, चॅट बंद करायचं, बरं वाटायचं. ते बरं वाटणं हेच त्या टाळण्याला खतपाणी. आणि दर आठवड्याला देणं वाढत जातं. आधी फक्त न आल्याचं कारण द्यायचं होतं, मग उत्तर न दिल्याचंही, मग एवढा उशीर का केला त्याचंही. शेवटी माणसाला वाटतं की एवढं सगळं पेलणारं काहीतरी भारदस्तच लिहायला हवं. कविता बहुतेकदा तिथे जन्मते.

अर्धवट राहिलेलं काम डोक्यातून जात नाही, हे आपण सगळेच ऐकून असतो. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये तसे प्रयोग प्रसिद्ध केले: मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली. हा स्मरणाचा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत दर वेळी टिकला नाही. तुटलेलं काम पुन्हा हाती घ्यावंसं वाटतं, ही ओढ मात्र जास्त भक्कमपणे दिसत आली आहे. त्याच सुमारास बर्लिनमध्ये त्यांचे गुरू कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली, आणि मला ती रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते: मूळ कामाऐवजी त्याच्याशी मिळतंजुळतं दुसरं काम पूर्ण करू दिलं, तर कधी कधी मूळ कामाची ओढ ओसरते. या गृहस्थांचं नेमकं तेच झालं होतं. कविता पूर्ण झाली त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. त्यांची ओढ शमली. मित्राचा प्रश्न होता तिथेच होता.

मी त्यांना फोन काढायला सांगितला. बऱ्याच ॲपमध्ये अर्धवट लिहिलेला मजकूर फोनमध्येच राहतो, चॅट उघडलं की खालच्या चौकटीत तो दिसतो. त्यांचाही होता, सात महिन्यांचा: «अरे तेव्हा ऑफिसात इतकी गडबड चालू होती की निघताच आलं नाही, आणि नंतर मी यायचं नक्की केलंच होतं पण». इथे तुटलेलं. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि फोन पालथा ठेवला.

«हे खरं आहे?»

«नाही.»

«स्क्रीन काळी झाली तेव्हा पहिल्या क्षणी काय वाटलं?»

बराच वेळ गेला. मग म्हणाले, «सुटलो असं वाटलं.»

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे होती, आणि कवितेत तिचा मागमूस नव्हता. त्या रात्री ते सांगत होते ते खोटं कारण होतं, आणि बॅटरीनं ते अडवलं होतं. ऑफिसात गडबड नव्हती. त्यांचे स्वतःचे वडील काही वर्षांपूर्वी गेले होते, तेव्हाचं सगळं पुन्हा डोळ्यांसमोर येईल या भीतीनं ते गेले नव्हते. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मग लिहायचं काम. मी तीन अटी घातल्या. पहिल्या वाक्यात मित्राचा प्रश्न त्याच्याच शब्दांत यायला हवा. पुढच्या वाक्यांत काम करणारा «मी» असायला हवा. आणि बॅटरीला एकच वाक्य. पहिला मसुदा पानभर झाला, त्यात वडिलांच्या आजारपणाची हकिकतच जास्त होती. ती खरी होती, पण ती मित्राला आत्ता ऐकवायची गोष्ट नव्हती, ती आम्ही आमच्या बैठकांसाठी बाजूला ठेवली. शेवटी «तू मला समजून घेशील अशी आशा आहे» असं होतं, तेही काढलं, कारण त्यातून समोरच्याकडे माफीची मागणी जाते. उरलं ते असं:

«तू विचारलं होतंस, बाबा गेले तेव्हा मी का आलो नाही. मी घाबरलो. माझ्या वडिलांच्या वेळचं पुन्हा समोर येईल म्हणून मी टाळलं, काम हे कारण नव्हतं. त्या रात्री तुला लिहिताना फोन बंद पडला, पण दुसऱ्या दिवसापासून गप्प राहिलो तो मीच. तेव्हा मी तुझ्याजवळ असायला हवं होतं. मला माफ कर असं म्हणणार नाही, पण मला याचं फार वाईट वाटतं.»

हे पाठवायचं कधी तेही ठरवलं: दिवसा, दोघंही कामाच्या घाईत नसतील अशा वेळी, रात्री उशिरा नाही. पाठवल्यावर दर दहा मिनिटांनी पाहिलं-न पाहिलंच्या खुणा तपासायच्या नाहीत, हेही.

चार दिवसांनी उत्तर आलं: «वाचलं. आत्ता बोलायला जमणार नाही.» गृहस्थ तडक माझ्याकडे. आता कविता पाठवू का, तिनं तो जरा वितळेल. मी नको म्हटलं. «आत्ता जमणार नाही» हेही उत्तरच असतं, आणि त्यावर कवितेचा मारा करणं म्हणजे ते ऐकलंच नाही असं सांगणं. त्यांनी फक्त «ठीक आहे, तुला जमेल तेव्हा» एवढं लिहिलं. पुढे काही आठवड्यांनी मित्राचा फोन आला, तो बोलला मुख्यतः वडिलांविषयी. मैत्री पूर्वीसारखी झाली का, असं मला विचारलं जातं. नाही झाली. बोलणं मात्र सुरू झालं. कविता त्यांनी अजून पाठवलेली नाही, पण तिच्यातली एक ओळ बदलली: «रात्रीनं उत्तर गिळलं» तिथे आता «मी उत्तर गिळलं» असं आहे.

तुमच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे ते अर्धवट वाक्य शोधणं. फोनमध्ये नसेल तर आठवेल तसं कागदावर लिहा आणि ते आजही खरं वाटतं का ते पाहा. खरं असेल तर तेच पूर्ण करून पाठवा. नसेल तर बॅटरीनं तुम्हाला ते बदलायची संधी दिली असं समजा. मित्रानं उत्तर वाचलं, बोलणं सुरू झालं आणि तेव्हाही वाटलं, तर «यावर मी काहीतरी लिहिलं होतं, वाचशील का?» असं विचारून कविता द्या. तो नको म्हणाला तर नको.

हा सल्ला सगळीकडे लागू नाही. त्यानं «संपर्क करू नकोस» असं सांगितलं असेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल, तर दुसऱ्या नंबरवरून वा तिसऱ्या माणसाकरवी उत्तर पोचवू नका. तिथे कविता तुमच्यापाशीच ठीक. ज्याला लिहीत होतात तो माणूस आता हयात नसेल तर पाठवायचा प्रश्नच मिटतो, तेव्हा ती मोठ्यानं वाचणं आणि कुणा जवळच्याला ऐकवणं याचा खूप उपयोग होतो. तुम्हाला ज्याची भीती वाटायची अशा माणसाला लिहीत असाल तर ते वाक्य तसंच तुटलेलं राहू द्या. आणि या एका गोष्टीनं दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर कवितेचा कागद घेऊन एखाद्या समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा.