आत्याचे प्रेफरन्स शेअर आणि तुमचा पाव हिस्सा

प्रश्न: कोल्हापूरजवळ आमची फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. आम्ही तिघे भाऊ, प्रत्येकाचे 10 लाखांचे इक्विटी शेअर, दर्शनी किंमत 10 रुपये. आत्याने 2016 साली घेतलेले 20 लाखांचे प्रेफरन्स शेअर यंदा 10 टक्के प्रीमियम देऊन परत घ्यायचे आहेत. ताळेबंदात 59 लाखांचे रिझर्व्ह आहेत, तरी थोरले दोघे म्हणतात, 10 लाखांचे नवे शेअर दर्शनी किमतीला काढू. माझ्याकडे आत्ता घालायला पैसे नाहीत. हो म्हणू का? (ताळेबंद सोबत जोडला आहे.)

उत्तर: दहा लाखांना हो म्हणू नका. सहा लाखांना म्हणा, पण शेअरचा भाव 20 रुपये ठेवा.

तुमच्या 59 लाखांतले 40 लाख जमिनीच्या पुनर्मूल्यांकनाचे आहेत. जमीन कागदावर महागली म्हणून त्यातून आत्याचे पैसे देता येत नाहीत. तीन लाख सिक्युरिटीज प्रीमियमचे, म्हणजे शेअर दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने देऊन आलेले, तेही इथे बाजूला ठेवा. उरले जनरल रिझर्व्हचे 9 आणि नफा-तोटा खात्यातले 7, म्हणजे 16 लाख. लाभांश म्हणून वाटता येईल असा नफा तेवढाच, आणि कंपनी कायद्याचं कलम 55 त्याच नफ्याकडे बोट दाखवतं. आत्याला द्यायच्या प्रीमियमचे 2 लाखही मी त्यातूनच धरतो. लेखामानकं पाळणाऱ्या कंपन्यांनी तसंच करावं. म्हणजे हाताशी राहिले 14 लाख.

परत करायचं दर्शनी भांडवल 20 लाख. ते दोनच वाटांनी भरून निघू शकतं. एक तर याच कामासाठी काढलेल्या नव्या शेअरचे पैसे, नाही तर नफा. नफ्यातून जितकं देता, तितकी रक्कम कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्हमध्ये टाकावी लागते. एरवी आत्याचं भांडवल निघून गेलं आणि उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला, तर लोखंडाचा पुरवठादार आणि बँक कोणाच्या भरवशावर उधारी देणार? भांडवल गेलं, त्याच्या जागी हा कुलूप लावलेला नफा उभा राहतो. त्यातून लाभांश मिळत नाही. भागधारकांना पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देण्यापुरता तो वापरता येतो.

तुमच्याकडे नफा 14 लाख, म्हणून नवे शेअर किमान 6 लाखांचे. त्याखाली जाताच येणार नाही. इथे मोजायची ती दर्शनी रक्कम. जास्तीचा प्रीमियम या हिशोबात धरू नका.

पण रिझर्व्ह म्हणजे रोकड नव्हे, आणि घरच्या कंपन्या इथेच फसतात. बँकेत आहेत 14 लाख, द्यायचे 22. सहा लाख दर्शनी किमतीला आले, तर 20 होतात आणि दोन लाख तुटतात. बहुधा म्हणूनच भावांनी 10 लाखांचा आकडा काढला असावा. पण तेच 60,000 शेअर 20 रुपयांना दिले, तर 12 लाख येतात. आत्याला 22 लाख देऊन 4 लाख उरतात, भट्टी आणि पगारासाठी.

आता तुमचा हिस्सा. दहा लाखांचा इश्यू दोघांनी निम्मा-निम्मा घेतला, तर भांडवल 40 लाख होतं आणि तुमचे 10 लाख म्हणजे बरोबर 25 टक्के. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. तुमच्या विरोधात दोघांचे 30 लाख, म्हणजे नेमके तिप्पट, आणि ठराव मंजूर. सहा लाखांच्या इश्यूत भांडवल 36 लाख, तुमचा हिस्सा 27.8 टक्के, दोघांचे 26 लाख. तिप्पट होत नाहीत. तुमचा शब्द अडवण्याइतका उरतो. भावांच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही, पण आकडा मनात काय आहे ते विचारत नाही.

शेअरच्या किमतीचंही तसंच. जमीन वगळली आणि आत्याचा प्रीमियम वजा केला, तरी तुमच्या एका शेअरमागे साधारण 15 रुपये 67 पैसे आहेत. जमिनीसह 29 रुपये. दहाला नवे शेअर देणं म्हणजे न घेणाऱ्याच्या ताटातलं घेणाऱ्याला वाढणं. वीस हा मधला भाव आहे. खरा भाव मूल्यांकनकाराकडून ठरवून घ्या.

सहा लाखांच्या वाटेची एक किंमत आहे: सगळे 14 लाख कुलपात जातात, त्यामुळे पुढच्या वर्षाचा नफा येईपर्यंत लाभांश विसरा. दहा लाखांच्या वाटेत 4 लाख मोकळे राहिले असते. लाभांशावर तुमचं घर चालत असेल, तर मला पुन्हा लिहा. माझं मत बदलू शकतं.

एका ग्राहकाच्या कंपनीत ऐन वेळी भावांनी पैसे दिले, पण वहीत ते कर्ज म्हणून पडले. कर्ज म्हणजे नवा इश्यू नव्हे, त्यामुळे सगळी रक्कम नफ्यातून धरावी लागली, आणि तेवढा नफाच नव्हता. तेव्हा ठरावात ‘प्रेफरन्स शेअर परत करण्यासाठी’ असं स्पष्ट लिहा. आधी शेअरवाटप, मग आत्याचा चेक, आणि त्यानंतर 30 दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे SH-7 हा फॉर्म.