ठाण्याच्या मुलाला ‘नाही’ मराठीतच सांगायचं

न्यू जर्सीच्या ताईंचं पत्र आलंय. लिहितात, "मे महिन्यात ठाण्याला गेलो होतो, तिथे माझ्या बहिणीच्या सोसायटीतल्या मुलाने लेकीला तलावपाळीवर लग्नाचं विचारलं. मुलगा सज्जन आहे पण तिच्या मनात नाही. ती म्हणते इंग्लिशमध्ये मेसेज टाकते, मी म्हणते सध्या शिकतेय असं सांग. त्याने दिलेलं पुस्तकही परत पाठवायचं का?"

ताई, लेकीची काळजी कळते मला, पण दोघींचं चुकतंय. त्याने मराठीत विचारलं ना, मग इंग्लिश मेसेज त्याला ऑफिसच्या पत्रासारखा लागणार. आणि ते ‘सध्या’ तर आधी काढून टाका! ‘सध्या’ म्हटलं की समोरचा थांबतो. माझ्या नणंदेच्या मुलीने सिंगापूरहून नेरुळच्या मुलाला "सध्या करिअर बघतेय" सांगितलं, त्याने आलेली स्थळं परत पाठवली, त्याची आई दिवाळीला फराळ पाठवत राहिली, आणि शेवटी नकार आला तो दोन्ही घरांना कळून. जिव्हारी लागलं ते चारचौघांत झालं म्हणून. पत्रिका, योग वगैरे मध्यस्थामार्फत आलेल्या स्थळाला चालतं, स्वतः विचारणारा मुलगा म्हणेल मी पत्रिका मानतच नाही, की झाला वाद सुरू.

आता बोलायचं कसं. आपल्या बाहेर वाढलेल्या मुलांचं मराठी जेवणाच्या टेबलावरचं, भाजी नको, पोळी नको, म्हणून तोंडात पटकन "मला तू नको" येतं किंवा "तू मला आवडत नाहीस". दोन्हीत तोच नापास होतो. वाक्य स्वतःकडून सुरू करायला सांगा: "तू मनापासून विचारलंस, मला त्याची किंमत आहे. मी नीट विचार केला. माझ्या मनात तसं नाहीये, म्हणून माझं उत्तर नाही असं आहे." एवढं बोलून गप्प बसायचं. त्याने "का? दुसरं कोणी आहे का?" विचारलं तर कारणं द्यायची नाहीत, दिलेलं प्रत्येक कारण तो सोडवायला बसेल. "कारण एवढंच, की मनात नाहीये" हेच परत, शांतपणे. एरवी तू म्हणते तर तूच म्हणायचं, अचानक तुम्ही म्हटलं की दार आपटल्यासारखं वाटतं. आणि "भावासारखा आहेस" अजिबात नको, "मित्र राहू" पण त्याच फोनवर नको.

फोनच करायचा, व्हॉइस नोट फॉरवर्ड होते. उन्हाळ्यात तुमचे शनिवारी सकाळचे नऊ म्हणजे ठाण्यात संध्याकाळचे साडेसहा, त्याला सुट्टी असेल तर ती वेळ बरी. आणि ताई, रागावू नका, पण तुमच्या बहिणीला आधी सांगायचं नाही हं. माझ्या धाकट्या भावाला वाशीच्या मुलीने असंच स्पष्ट, एकटीने सांगितलं होतं, आठवडाभर तोंड पाडून होता, पण घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता म्हणून आजही तिच्या घरी ताठ मानेने जातो.

त्याने दिलेलं पुस्तक ठेवू दे, परत पाठवू नका.