मिनिमम ड्यू भरत राहिल्यावर खरं व्याज किती गेलं, ते कसं काढायचं

प्रश्न: जानेवारीत क्रेडिट कार्डावर ५०,००० चा फ्रिज घेतला. तेव्हापासून दर महिन्याला वेळेवर मिनिमम ड्यू भरतोय, सहा वेळा भरून झालं. कार्डावर दुसरी काहीच खरेदी नाही. दर महिना ३.५% आहे. तरी बाकी जवळपास तेवढीच दिसते. मी नक्की किती व्याज भरलं?

उत्तर:

तुम्ही तारखा दिलेल्या नाहीत, म्हणून धरून चालतो की फ्रिज १ जानेवारीला घेतला, बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि पैसे तुम्ही पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला भरता. तुमच्या तारखा वेगळ्या असतील तर आकडे थोडे हलतील, पण रीत हीच.

आधी एक गोष्ट पक्की करा, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते, आणि व्याज ड्यू डेटपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. तेही रोजच्या बाकीवर. महिना ३.५% म्हणजे वर्षाला ४२%, आणि दिवसाला ४२ भागिले ३६५, म्हणजे ०.११५%. त्या व्याजावर वर १८% जीएसटी. बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. त्यामुळे तुमचा खरा दर ४२ नाही, ४९.५६% आहे.

आता तुमचा फ्रिज. १५ जानेवारीचं बिल ५०,०००, मिनिमम ५% म्हणजे २,५००. या बिलात व्याज शून्य दिसतं. तुम्ही ५ फेब्रुवारीला २,५०० भरता. १५ फेब्रुवारीच्या बिलात मात्र दोन तुकडे येतात: १ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असे ३५ दिवस पूर्ण ५०,००० वर, आणि ५ ते १५ फेब्रुवारी असे ११ दिवस ४७,५०० वर. रक्कम गुणिले दिवस करून बेरीज केली की २२,७२,५०० येतात. त्याला ०.४२ ने गुणून ३६५ ने भागा: व्याज २,६१५. त्यावर जीएसटी ४७१. म्हणजे बिल झालं ५०,५८६. अडीच हजार भरल्यावर बिल मूळ रकमेपेक्षा ५८६ रुपयांनी जास्त! तुम्हाला बाकी हलत नाही असं वाटतं, त्याचं सर्वात मोठं कारण हे पहिलं व्याजाचं बिल. यात दीड महिन्याचं मागचं व्याज एकदम येतं.

पुढे बँक मिनिमम किती मागते ते कार्डाच्या अटींवर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मिनिमम असा ठेवता येत नाही की तो भरूनही कर्ज वाढतच जाईल. मी अशी अट धरली आहे: एकूण बाकीचे ५%, किंवा त्या बिलातलं सगळं व्याज आणि कर अधिक मुद्दलाचा १%, यातलं जे जास्त असेल ते. त्याप्रमाणे मार्चमध्ये तुम्ही ३,५६१ भरता. त्यातले ३,०८६ व्याज-कराचे, मुद्दलातून फक्त ४७५ गेले. एप्रिलपासून प्रत्येक भरणा २,३०० ते २,५०० च्या मध्ये येतो आणि त्यातून मुद्दल दर वेळी ४५० ते ६५० रुपयांनीच उतरतं. याचं गणित सोपं आहे. महिन्याचा खर्च ३.५% अधिक कर म्हणजे ४.१३%, आणि तुम्ही भरता ५%. उरले ०.८७%. तुमच्या प्रत्येक १०० रुपयांतले साधारण ८३ रुपये व्याज आणि कर खातात.

५ जुलैपर्यंत सहा भरण्यांची बेरीज १५,७०५. त्यातलं व्याज ९,०३६, जीएसटी १,६२६, आणि मुद्दल उतरलं फक्त ५,०४३. म्हणजे मुद्दल अजून ४४,९५७ शिल्लक आहे.

पण खरं उत्तर १०,६६२ नाही, अजून थोडं जास्त आहे. १५ जूनच्या बिलात १५ जूनपर्यंतचंच व्याज होतं. १६ जून ते ४ जुलै या १९ दिवसांचं व्याज ४५,४११ वर चढून बसलंय, फक्त छापलेलं नाही. ते ९९३, कर १७९, मिळून १,१७२. ते धरलं तर ५ जुलैपर्यंतचा तुमचा खरा खर्च ११,८३४. ५०,००० च्या फ्रिजवर सहा महिन्यांत जवळजवळ २४%.

हे मी मुद्दाम कमीत कमी धरलंय, फक्त मुद्दलावर व्याज लावून. मिनिमममधून मागचं व्याज दर वेळी फिटतं, म्हणून चक्रवाढीचा भाग इथे लहान आहे. तुमच्या बिलातलं व्याज या हिशेबापेक्षा बरंच जास्त निघालं तर दोन जागा तपासा. पहिली, बँकेने न भरलेली फी किंवा कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावलंय का. त्याच निर्देशांत याला मनाई आहे. दुसरी, तुमचा भरणा कोणत्या तारखेला जमा दाखवलाय. ५ तारखेला केलेला भरणा ८ ला जमा दिसला तर प्रत्येक वेळी त्या भरण्याच्या रकमेवर तीन दिवसांचं जास्तीचं व्याज लागतं. लेखी विचारा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

स्वतःचं पडताळायला स्प्रेडशीट पुरेशी आहे. बाकी बदलली की नवी ओळ. A स्तंभात बाकी, B मध्ये ती किती दिवस राहिली ते. मग:

```
=SUMPRODUCT(A2:A13,B2:B13)*0.42/365*1.18
```

येईल तो आकडा म्हणजे करासकट व्याज. 0.42 च्या जागी तुमच्या कार्डाचा वार्षिक दर घाला. तो बिलावर छापलेला असतो. बऱ्याच कार्डांचा ४५% पर्यंत आहे.

नवी खरेदी केली नाहीत हे तुम्ही फार बरं केलंत. बाकी असताना केलेल्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही. २० फेब्रुवारीला ६,००० चा किराणा घेतला असतात तर १५ मार्चच्या पहिल्याच बिलात त्यावर १९६ रुपये व्याज-कर लागले असते. वेळेवर मिनिमम भरून तुम्हाला मिळालं ते इतकंच, की लेट फी लागली नाही आणि खातं थकीत म्हणून नोंदलं गेलं नाही.

आता सोडवायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: एफडी मोडून किंवा १५-१६% चं वैयक्तिक कर्ज काढूनही ही बाकी फेडा. कार्डाची बाकी ईएमआयमध्ये बदलून देतात, तिथे प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी दोन्ही जोडून दर बघा, मगच हो म्हणा. आणि पूर्ण बिल भरलंत की पुढच्या महिन्यात वर सांगितलेलं न छापलेलं व्याज येईल. ते पाहून लोक गडबडतात आणि चूक समजून सोडून देतात. सोडू नका. तेही पूर्ण भरा, तेव्हाच बिनव्याजी मुदत परत सुरू होते.